लाल डोळा: थेंबांच्या आधी टॉर्च

मागे ऐकू येतंय ना? बरं. माझा हट्ट तुम्हाला माहितीच आहे, लाल डोळ्यात थेंब टाकायच्या आधी दिसतंय कसं ते विचारा आणि टॉर्चने बाहुली बघा. नुसत्या लालीवरून काही ठरत नाही.

एक केस सांगतो. साठीच्या बाई, संध्याकाळी अंधारात टीव्ही बघताना डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, उजवा डोळा लाल. आधी पित्ताची गोळी मिळाली, सकाळी डोळे आलेत म्हणून अँटिबायोटिक थेंब. मला राग येतो तो याचा की दिसतंय का, हे कुणी विचारलंच नाही! विचारलं असतं तर बाईंनी सांगितलं असतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, आणि आता तर समोरची बोटंच कशीबशी मोजता येतायत. चिपडं नव्हतीच, नुसतं पाणी. टॉर्च मारला तर बाहुली अर्धवट मोठी, जराशी लंबगोल, उजेडाला ढिम्म हलत नाही, कॉर्निया वाफ धरलेल्या काचेसारखा धूसर. डोळ्यातलं प्रेशर 56, नॉर्मल असतं साधारण 10 ते 21.

हा अँगल बंद झालेला काचबिंदू. अंधारात बाहुली अर्धवट उघडते, तेव्हा आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, पुढे सरकून आतल्या पाण्याची बाहेर जायची वाट, म्हणजे तो अँगल, अडवतो, प्रेशर चढतं, कॉर्नियात पाणी शिरतं म्हणून ती कडी, आणि बाहुली आवळणाऱ्या स्नायूला रक्त मिळत नाही म्हणून ती हलत नाही. बाईंना असिटाझोलामाइड आणि टिमोलॉल देऊन प्रेशर उतरवलं, मग लेझरने आयरिसला भोक पाडलं, दुसऱ्या डोळ्यालाही, कारण त्याची ठेवणही तशीच असते.

वेळ संपत आली म्हणून चिठ्ठी आलीय, आणि लाल डोळ्याची आणखी दोन कारणं राहिलीत, तर भराभर सांगतो.

युव्हिआयटिसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या आत सूज असते तेव्हा, बाहुली उलट लहान असते, कधी मागच्या लेन्सला चिकटून वेडीवाकडी. दुखणं खोल, ठसठसणारं, नजर थोडी अंधुक, लाली कॉर्नियाच्या कडेभोवती जास्त. उजेड सहन होत नाही, आणि चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला तरी आजारी डोळा दुखतो, कारण दोन्ही बाहुल्या एकदमच आवळतात. इथे बाहुली मोठी करणारे थेंब लागतात, तेच थेंब त्या बाईंना दिले असते तर अनर्थ होता.

खरोखर डोळे आलेले असतील तर खुपतं, चुरचुरतं, चिपडं येतात, पापणी मिटून उघडली की नजर साफ, बाहुली नॉर्मल.

हां, सुरुवातीच्या युव्हिआयटिसमध्ये बाहुली नॉर्मल दिसू शकते, आणि त्यातही कधी प्रेशर चढतं. म्हणून दुखणं खोल असेल किंवा नजर कमी असेल तर बाहुली ठीक दिसली तरी त्याच दिवशी स्लिट लॅम्पवर पाठवा, आणि तोवर स्टेरॉइडचे थेंब हातात देऊ नका, कॉर्नियाला हर्पिसची जखम असेल तर ती त्याने चिघळते.