फोनमागचा माणूस

मंडळी, पदवीदान समारंभाचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. मंचावर पाच जण उभे आहेत, मधल्या मुलीच्या हातात नुकतंच मिळालेलं प्रमाणपत्र आहे, आणि नेमका तेव्हाच प्रेक्षकांतल्या कुणीतरी फोन उंच धरलाय. मुलीची हनुवटी, गळा, प्रमाणपत्र धरलेला हात, सगळं फोनमागे गेलं. असा फोटो आला की बरेच जण थेट फोनभोवती सिलेक्शन करतात आणि ती जागा सॉफ्टवेअरला भरायला सांगतात. माझं म्हणणं असं की फोनने खरोखर किती लपवलंय, ते आधी तपासा.

लेन्स १३५ मिलिमीटरची, अ‍ॅपर्चर एफ २.८, मुलगी १२ मीटरवर आणि फोन ३ मीटरवर आहे असं धरू. लेन्सचं उघडं तोंड साधारण ४८ मिलिमीटरचं झालं. मुलीच्या चेहऱ्यावरच्या एका ठिपक्यातून निघालेला प्रकाश पसरत पसरत हे तोंड भरतो. फोनपाशी पोचेपर्यंत त्या झोताची रुंदी ३६ मिलिमीटर झालेली असते. याहून अरुंद वस्तू झोत पूर्ण अडवूच शकत नाही. म्हणजे एकटं बोट मागचं काहीच पूर्ण लपवत नाही, नुसता पडदा धरतं. फोन ७० मिलिमीटर रुंद असल्याने मधला पट्टा मात्र अडवतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत हा फोन सुमारे ५३० पिक्सेलचा दिसेल. त्यातले पूर्ण हरवलेले २६० च्या आसपास. दोन्ही कडांना साधारण २७० पिक्सेलचा धूसर पट्टा असतो, त्यातला अर्धा फोनच्या दिसणाऱ्या कडेच्या बाहेर. मास्क फोनच्या कडेवरच थांबवला, तर फोन गेल्यावरही त्याच्या आकाराचं धुकं मागे राहतं, ते यामुळेच.

या धुक्यात दोन गोष्टी घडलेल्या असतात: मुलीकडून येणारा प्रकाश कमी झालाय आणि फोनचा प्रकाश त्यात मिसळलाय. स्क्रीन आपल्याच दिशेला असल्याने ही भर बहुधा निळसर असते. म्हणून आधी फोटोशॉपच्या `Curves` मध्ये काळा बिंदू आत ओढून ती भर काढायची, निळ्या चॅनेलमध्ये थोडी जास्त, आणि मग कॉन्ट्रास्ट वाढवायचा. हे सगळं बाहेरच्या कडेकडून आत उजळ होत जाणाऱ्या मास्कमधून. धुक्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागात मुलीचा खरा गाल, खरा झगा परत मिळतो. आत जाल तसा नॉइज इतका वाढतो की ओढाताण सोडून द्यावी.

मधल्या पट्ट्यासाठी शेजारच्या फ्रेम लागतात. फोन धरणारा हात स्थिर नसतो. काही सेकंदांनी तो खाली येतो किंवा बाजूला सरकतो. ती फ्रेम वरच्या लेयरवर ठेवून जुळवायची. `Auto-Align Layers` ला पूर्ण फोटो दिला, तर ते प्रेक्षकांच्या डोक्यांवरही जुळवू बघतं, आणि आपण अर्धं पाऊल सरकलो असलो तर मंच हलतो. म्हणून दोन्ही लेयरवर फक्त मंचाचा भाग ठेवून जुळवा. त्यातही मुलीवर जुळलं पाहिजे, मागच्या पडद्यावर नव्हे. वरचा लेयर `Difference` वर टाकला की तिच्या खांद्याच्या कडेला पांढरी रेघ राहते का, ते लगेच दिसतं.

आता या फ्रेममध्ये मुलगी थोडी वळलेली आहे. हनुवटी जोडायची तर जोड कातडीवर घेऊ नका, जबड्याच्या सावलीत किंवा कॉलरच्या कडेला घ्या. हात घ्याल तेव्हा झग्यावर पडलेली त्याची सावलीही सोबत घ्या. मंचामागे मोठा स्क्रीन असेल तर खांद्यावरच्या प्रकाशाचा रंग दोन फ्रेममध्ये वेगळा असतो; ती कड लाल आणि शेजारची निळी राहिली की जोड उघडा पडतो. फिरवलेल्या लेयरचा नॉइजही गुळगुळीत होतो. तो वरून पुन्हा द्यावा लागतो, नाहीतर एवढाच तुकडा मेणासारखा दिसतो.

एक गोष्ट फार राहून जाते: हात. फोन गेला, पण मनगट हवेत तसंच उभं. हात खांद्यापर्यंत काढायचा म्हणजे त्यामागची डोकी, खुर्च्या हेही उभं करावं लागतं. तिथे, किंवा पडद्याच्या चुण्यांवर, सॉफ्टवेअरने बनवलेला भराव मला चालतो. मुलीच्या चेहऱ्यावर आणि हातावर अजिबात नाही. ते सॉफ्टवेअर बेमालूम हनुवटी बनवेल, पण ती दुसऱ्या कुणाची तरी असेल, आणि हे तिच्या आईला पहिल्या नजरेत कळेल. बातमीसाठीच्या फोटोत तर यातलं काहीच करायचं नाही, फोन तिथे होता तर तो दिसलाच पाहिजे.

एकाही फ्रेममध्ये हनुवटी सापडली नाही, तर मी तो फोटो सोडतो आणि ज्यात तिचा चेहरा पूर्ण दिसतो तो निवडतो, मग त्यात शेजारच्या पाहुण्यांचे डोळे मिटलेले असले तरी. ते उघडे डोळे आधीच्या फ्रेममधून आणता येतात.