नाव नाही, अंतर बघा : स्टेटमेंटमध्ये लपलेले ऑटो-डेबिट

[दृश्य : टेबलावर पसरलेले बँक स्टेटमेंटचे कागद, एक पिवळा हायलायटर]

एका ताईंच्या खात्यातून आपोआप कापल्या गेलेल्या पैशांचा हा तेरा महिन्यांचा हिशोब आहे. बारा नाही, तेरा. वर्षातून एकदा कापली जाणारी रक्कम दरवर्षी अगदी त्याच तारखेला जाईल असं काही नसतं, दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात आणि नेमके बाराच महिने काढले की ती मधल्या फटीतून निसटते. म्हणून एक महिना जास्तीचा घ्यायचा, बेरीज मात्र शेवटच्या बारा महिन्यांचीच करायची.

या ताईंनी आधी फक्त सेव्हिंग अकाउंटचं स्टेटमेंट काढलं होतं. त्यात दर महिन्याला एक ओळ दिसते, क्रेडिट कार्डाचं बिल भरलं. बस, एवढीच. त्या एका ओळीच्या पोटात कार्डावरून गेलेलं सगळं दडलेलं असतं आणि विसरलेली सबस्क्रिप्शन्स बहुतेक तिथेच सापडतात. वॉलेटचंही तसंच, खात्यात फक्त टॉप-अप दिसतो, पुढे पैसे कुठे गेले ते वॉलेटच्या हिस्टरीत. म्हणून जिथून जिथून पैसे जातात त्या प्रत्येक ठिकाणचं स्टेटमेंट वेगळं काढावं लागतं.

[दृश्य : हायलायटर एका नावावर थांबतो, पुढे सरकतो, परत येतो]

इथे बघा, ताईंचं बोट पुन्हा पुन्हा एकाच नावावर थांबतंय. हे अ‍ॅप स्टोअरचं नाव. फोनवरून घेतलेलं काहीही असो, गाणी असोत, व्यायामाचं अ‍ॅप असो की फोटो ठेवायची जागा, स्टेटमेंटवर बऱ्याचदा स्टोअरचंच नाव छापून येतं. शिवाय काही कंपन्यांचं कागदावरचं नाव अ‍ॅपच्या नावाशी अजिबात जुळत नाही. त्यामुळे ओळखीचं नाव दिसलं की माणूस "हे आपलंच" म्हणून पुढे जातो आणि अनोळखी दिसलं की "असेल काहीतरी" म्हणून पुढे जातो. म्हणून आम्ही म्हणतो, नाव वाचत बसू नका, दोन तारखांमधलं अंतर मोजा. आपण हातानं केलेली खरेदी कधीही होते, मशीननं कापलेले पैसे ठरलेल्या चालीनं जातात.

[दृश्य : लॅपटॉप स्क्रीन, ताईंचा मुलगा स्टेटमेंट स्प्रेडशीटमध्ये उघडतो]

मुलानं स्टेटमेंट शीटमध्ये आणलं. पहिल्या कॉलममध्ये तारीख, दुसऱ्यात तपशील, तिसऱ्यात रक्कम. तपशिलाच्या शेपटीला दर वेळी वेगळा व्यवहार क्रमांक असतो, त्यामुळे कॉम्प्युटरला एकाच कंपनीच्या बारा ओळी बारा वेगळ्या कंपन्या वाटतात, म्हणून सुरुवातीची बारा अक्षरंच कापून चौथ्या कॉलममध्ये घेतली. मग आधी त्या कापलेल्या नावानं, नंतर रकमेनं, नंतर तारखेनं असं सॉर्ट केलं आणि पाचव्या कॉलममध्ये आधीच्या ओळीपासूनचे दिवस काढले.

```
D2: =LEFT(B2,12)
E3: =IF(D3=D2,A3-A2,"")
```

पहिल्यांदा सगळीकडे `#VALUE!` आलं. पीडीएफमधून कॉपी केलेल्या तारखा कॉम्प्युटरला तारखा म्हणून ओळखू आल्या नाहीत की त्या नुसता मजकूर ठरतात आणि वजाबाकी होत नाही, एक्सेलमध्ये तो कॉलम निवडून Data मधल्या Text to Columns मध्ये Date: DMY निवडलं आणि परत सॉर्ट केलं की चालतं.

आता हा पाचवा कॉलम नीट बघा. ३०, ३१, ३१, ३०. हे मासिक. सात-सात आलं की साप्ताहिक, नव्वदच्या आसपास आलं की तिमाही. सुट्टी मध्ये आली की एखादा आकडा पुढेमागे होतो, खात्यात पैसे नसल्यानं डेबिट फेल होऊन चार दिवसांनी परत लागलं की ३४ पण दिसतं, त्यानं गोंधळायचं नाही. आणि मध्येच वजा आकडा आला तर? ती चूक नाही. एकाच नावाखाली दुसऱ्या रकमेची नवी मालिका तिथे सुरू होते. स्टोअरच्या नावाखाली लपलेल्या गोष्टी अशाच सुट्या झाल्या.

[दृश्य : स्क्रीनवर २८, २८, २८ अशी रांग]

पहिली निघाली १३० ची मालिका. जुन्या फोनच्या अकाउंटवरची क्लाउड स्टोरेज, नव्या अकाउंटची वेगळी चालूच आहे. वर्षाचे १,५६०.

दुसरी ही, व्यायामाचं अ‍ॅप, ३४९. एका महिन्यात ३ तारखेला गेले आणि ३१ तारखेला परत गेले, ताईंना वाटलं चुकून दोनदा कापले. पण अंतर बघा, सगळीकडे २८. हे महिन्यानं नाही, चार आठवड्यांनी कापतात, म्हणजे वर्षात १२ नाही, १३ वेळा. ४,५३७. बाराने गुणलं असतं तर एक हप्ता हिशोबातून गळालाच असता.

मग कागदपत्रं एडिट करायचं टूल. इथे तेराव्या महिन्याचा उपयोग झाला, कारण सगळ्यात वर एक ओळ आहे फक्त २ ची, ट्रायलची. सात दिवसांनी ५९९. चार महिने ५९९ गेले आणि पुढचे आठ महिने ६९९. दर वाढल्याची मेल आली असेलही, वाचली कोणी? इथे गुणाकार न करता प्रत्यक्ष गेलेलंच मिळवायचं, ७,९८८. चालू ठेवलं तर पुढच्या वर्षी ८,३८८.

चौथं, फोन प्रोटेक्शन प्लॅन, ७९. फोन कधीच विकून टाकलाय, प्लॅन चालूच. ९४८.

[दृश्य : ताई एकेकट्या ओळींवर पेन्सिलीनं खुणा करतात]

आणि इथे ही पद्धत अपुरी पडते, ते स्पष्ट सांगायला पाहिजे. वर्षातून एकदाच आलेली ओळ असेल तर मोजायला अंतरच नसतं, पाचवा कॉलम रिकामा. अशा एकट्या ओळी डोळ्यांनीच वाचाव्या लागतात. शंका आली की तीच रक्कम मेलमध्ये शोधायची, सोबत `renewal` किंवा `receipt` शब्द टाकून. अँटीव्हायरसचे १,७९९ असेच सापडले. ज्या लॅपटॉपसाठी तो घेतला होता तो आता घरात नाही.

[दृश्य : कागदावर बेरीज लिहिली जाते]

१,५६०, ४,५३७, ७,९८८, ९४८ आणि १,७९९. एकूण १६,८३२. हप्ते, भाडं, विजेचं बिल, रोज बघतात ते व्हिडिओ अ‍ॅप हे सगळं आधीच टिक करून बाजूला ठेवलं होतं, हे फक्त कोणी वापरत नाही त्याचे.

[दृश्य : ताई आकड्याकडे बघतात. निवेदन नाही.]

बंद करायचं काम त्याच संध्याकाळी झालं. अ‍ॅप डिलीट केल्यानं सबस्क्रिप्शन बंद होत नाही, स्टोअरमधून घेतलेलं असेल तर स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन रद्द करावं लागतं. कार्ड बदललं म्हणूनही सुटका होईलच असं नाही, व्हिसा आणि मास्टरकार्डच्या अपडेटर सेवेतून नवीन कार्डाची माहिती कंपनीपर्यंत पोचू शकते. आणि नुसतं बँकेत मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची आपण दिलेली परवानगी, थांबवलं तर पैसे थांबतात पण करार तिकडे उभाच राहतो, थकबाकीची नोटीस येऊ शकते, म्हणून आधी कंपनीकडे रद्द, मग बँकेत, आणि रद्द झाल्याची मेल जपून ठेवायची.

पुढचे ३५ दिवस स्टेटमेंटवर लक्ष ठेवलं की बाकीचे चारही खरंच थांबले का ते कळेल. अँटीव्हायरसचं कळायला वर्ष जाईल, म्हणून मुलानं कॅलेंडरमध्ये त्या तारखेच्या दहा दिवस आधीचा रिमाइंडर लावलाय.