नव्या रेकॉर्डरवर 12345 चालत नसेल, तर

नमस्कार. हिकव्हिजनचा नवा सीसीटीव्ही रेकॉर्डर जोडला, जुन्या माहितीप्रमाणे admin आणि 12345 टाकले आणि पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश आला, तर रेकॉर्डर बिघडला आहे असे समजू नका. कंपनीने 12345 हा ठरावीक पासवर्ड 2015 च्या सुमारास बंद केला. तेव्हापासून रेकॉर्डर कोणत्याही पासवर्डशिवाय येतो आणि पहिल्यांदा चालू केल्यावर तो तुम्हालाच ठरवावा लागतो. म्हणूनच, नवा म्हणून घेतलेला रेकॉर्डर जर थेट पासवर्ड विचारत असेल, तर तुमच्या आधी कोणीतरी तो ठरवलेला आहे.

त्याची खात्री करण्यासाठी कंपनीचा SADP हा मोफत प्रोग्राम लॅपटॉपवर घ्या आणि लॅपटॉप व रेकॉर्डर एकाच राउटरला जोडा. यादीत रेकॉर्डरच्या ओळीत Inactive दिसले, तर तिथेच नवा पासवर्ड ठरवता येतो. Active दिसले, तर आधी बसवणाऱ्या तंत्रज्ञाला किंवा विक्रेत्याला विचारा. चाचणीच्या वेळी त्यांनीच तो ठरवलेला असण्याची शक्यता मोठी असते. अंदाजाने पासवर्ड टाकत राहू नका, कारण काही चुकीच्या प्रयत्नांनंतर लॉगिन काही काळ बंद होते आणि त्या वेळात बरोबर पासवर्डही स्वीकारला जात नाही.

कोणालाच पासवर्ड ठाऊक नसेल, तर SADP च्या यादीत रेकॉर्डर निवडून Forgot Password दाबा आणि Export करून मिळालेली एक्सएमएल फाइल विक्रेत्याला किंवा कंपनीच्या मदत केंद्राला पाठवा. सोबत खरेदीची पावती आणि रेकॉर्डरखालच्या अनुक्रमांकाच्या लेबलचा फोटो तयार ठेवा, कारण उपकरण तुमचेच आहे हे त्यांना पडताळावे लागते, आणि माझ्या मते ही अट योग्यच आहे. त्यांच्याकडून येणारी फाइल त्याच खिडकीत आयात करून नवा पासवर्ड दोनदा टाकला की काम होते.

इथे एका गोष्टीची फार काळजी घ्या. फाइल काढल्यापासून उत्तर येऊन पासवर्ड बदलेपर्यंत रेकॉर्डर बंद किंवा रीस्टार्ट करू नका. तसे झाल्यास ती फाइल निरुपयोगी ठरते आणि नवी काढून पुन्हा पाठवावी लागते. वीज जाण्याची भीती असेल, तर तेवढा काळ रेकॉर्डर यूपीएसवर ठेवा.

आतली नाण्यासारखी बॅटरी किंवा हार्ड डिस्क काढून पासवर्ड पुसला जात नाही. बॅटरी घड्याळासाठी आणि डिस्क चित्रणासाठी असते. पासवर्ड मात्र मुख्य बोर्डावरच्या स्मृतीत राहतो. उगाच झाकण उघडून वॉरंटी धोक्यात घालू नका.

लॉगिन झाल्यावर मेनूमधून GUID फाइल पेन ड्राइव्हवर काढून घ्या. पुढे पासवर्ड विसरलात, तर रेकॉर्डरच्या पडद्यावरूनच तो या फाइलने बदलता येतो. मात्र एकदा वापरल्यावर ती बाद होते, त्यामुळे त्यानंतर लगेच नवी फाइल काढावी लागते.