छिद्रं उरली आहेत का?

[दृश्य: डोक्याचा वरचा भाग, अगदी जवळून. हातमोजा घातलेलं बोट केस बाजूला सारतं.]

हा चट्टा साधारण अडीच सेंटिमीटर रुंद आहे. भांगापासून दोन बोटं उजवीकडे. मधली त्वचा पांढरट, पातळ आणि किंचित खोल गेलेली. कडेने काळपट पट्टा. या दोन्हींच्या मध्ये अजून लालसर रंग टिकून आहे आणि त्यावर चिकटलेली कोरडी खपली. केस मात्र एकही नाही.

बाईंचं वय 34. वजन 44 किलो. काम शेतमजुरीचं, म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ उन्हात. असे चट्टे घेऊन येणाऱ्या अनेक रुग्णांच्या बाबतीत जे घडतं, ते एकत्र करून आपण त्यांची हकिकत मांडतो आहोत.

आठ महिन्यांपूर्वी भांगाजवळ खाज सुटायला लागली. उन्हात गेलं की तिथे चुरचुरायचं. मग कोंड्यासारखं काहीतरी निघायला लागलं, केस गळाले. घरच्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘चाई पडली आहे.’ लसूण चोळून झाला, कांद्याचा रस लावून झाला. दुकानातून नायट्याचं मलमही आणलं. चट्टा वाढतच गेला.

यात घरच्यांना दोष देण्यासारखं काही नाही. गोल टक्कल दिसलं की आपल्याकडे आधी चाईच आठवते. पण हा आजार डिस्कॉइड ल्युपस आहे, आणि चाई व त्याच्यातला फरक केसाच्या मुळाशी, त्वचेच्या आत आहे. तो समजला की पुढचं सगळं समजतं.

[दृश्य: केसाच्या मुळाचा उभा छेद, रेखाचित्र.]

केस जिथून वाढतो तो कंद त्वचेत खोलवर असतो. चाईमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी त्या कंदाभोवती गोळा होतात. केस गळतो, पण नवा केस तयार करणाऱ्या मूळपेशींना धक्का लागत नाही. त्या बऱ्याच वर, तेलग्रंथीच्या जरा खालच्या भागात राहतात. म्हणून चाई भरून येऊ शकते.

डिस्कॉइड ल्युपसमध्ये सूज येते ती नेमकी या वरच्या भागात. संरक्षक पेशी आपल्याच त्वचेवर उलटतात, तेलग्रंथी नाहीशा होतात, मूळपेशी मरतात आणि केसाच्या जागी तंतूंचा कडक व्रण उरतो. मूळपेशी गेल्या की तिथे कुठल्याही तेलाने, गोळीने किंवा इंजेक्शनने केस उगवत नाही. उपचाराची खरी शर्यत आहे ती सूज आणि व्रण यांच्या मधल्या काळाशी. सुरुवातीच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सूज थांबली, तर गेलेला केस परत येऊ शकतो.

मग हा काळ संपला की अजून हातात आहे, ते ओळखायचं कसं?

[दृश्य: डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, चट्ट्यावर टेकवला जातो. पडद्यावर मोठी केलेली प्रतिमा.]

त्वचारोगतज्ज्ञ सर्वांत आधी छिद्रं शोधतात. चाईत त्वचा गुळगुळीत असते, पण केसाची छिद्रं जागेवर असतात. इथे, चट्ट्याच्या पांढऱ्या भागात पाहा. एकही छिद्र नाही, सपाट पांढरेपणा. म्हणजे इथला व्रण पक्का झाला आहे.

आता कडेच्या लालसर भागाकडे या. हे मोठे पिवळसर ठिपके म्हणजे खपलीच्या द्रव्याने बुजलेली छिद्रं. छिद्रं बुजली आहेत, पण आहेत. त्यांच्या शेजारी हे लाल ठिपके दिसतात ते केसाच्या मुळाभोवतीच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांमुळे. ते दिसले की डॉक्टरांना बरं वाटतं. आजार इथे चालू आहे, आणि चालू आहे म्हणूनच इथे केस परत यायची आशा आहे.

एक जुनी खूण उघड्या डोळ्यांनीही दिसते. जाड खपली डॉक्टरांनी हलकेच उचलली, तर तिच्या खालच्या बाजूला बारीक टोकं दिसतात, जाजमाला ठोकलेल्या खिळ्यांसारखी. छिद्रांत शिरलेल्या खपलीचे ते साचे असतात. ही खपली घरी मात्र कधी काढू नये. या आजारात जिथे ओरखडा पडतो, भाजतं, सोललं जातं, तिथे नवा चट्टा उठू शकतो. लसूण चोळण्याचा धोकाही हाच. त्याने त्वचा भाजते.

डोकं पाहून झालं की डॉक्टर कानाकडे वळतात. कानाच्या वाटीसारख्या खोलगट भागात काळपट, बुजलेली छिद्रं दिसली तर निदानाला मोठा आधार मिळतो. गाल, नाक, ओठही पाहतात. आपल्या बाईंच्या डाव्या कानात अशी छिद्रं सापडली. आणि डोक्याच्या मागच्या बाजूला आणखी एक चट्टा, वाटाण्याएवढा. दीड-दोन महिन्यांचा असावा. त्यांना स्वतःला तो माहीतही नव्हता.

[दृश्य: छोटी शस्त्रक्रियेची खोली. ट्रेमध्ये पंच, दोन लहान बाटल्या.]

नजरेने निदान जवळजवळ ठरलं, तरी व्रण पाडणाऱ्या टकलाच्या बाबतीत बायोप्सी करावी. लायकन प्लॅनोपायलारिस नावाचा आणखी एक आजार असंच टक्कल पाडतो आणि त्याचा मार्ग वेगळा आहे.

जागा बधिर करून पंच नावाच्या गोल पात्याच्या, चार मिलिमीटरच्या हत्याराने त्वचेचे दोन तुकडे घेतात. कुठून घेतात, याला फार महत्त्व आहे. मधल्या पांढऱ्या भागातून घेतला तर अहवालात नुसता ‘व्रण’ येतो. कशाने झाला ते कळत नाही, आणि रुग्णाला पुन्हा टाका घालून घ्यावा लागतो. तुकडा घ्यायचा तो लालसर, खपली असलेल्या, थोडे केस उरलेल्या भागातून. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो. दुसऱ्यावर इम्युनोफ्लुरोसन्स ही तपासणी होते, त्वचेच्या दोन थरांच्या सीमेवर प्रतिपिंडं साठली आहेत का ते पाहण्यासाठी. तो मिशेल नावाच्या वेगळ्या द्रावणात पाठवावा लागतो. चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला तर ही तपासणी वाया जाते.

ल्युपस हा शब्द कानावर पडला की बाईंचा पहिला प्रश्न असतो मूत्रपिंडाचा. नात्यात कुणीतरी ल्युपसने मूत्रपिंडं बिघडून गेलेलं असतं. त्याचं उत्तर सरळ द्यायला हवं. सर्वांगाचा ल्युपस आणि त्वचेपुरता डिस्कॉइड ल्युपस एकाच कुळातले आहेत, पण चट्टे फक्त डोक्या-चेहऱ्यावर असतील तर शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांनाच पुढे सर्वांगाचा आजार होतो. मानेच्या खालीही चट्टे असतील तर ही शक्यता वाढते. म्हणून रक्तपेशींची मोजणी, एएनए ही प्रतिपिंडांची तपासणी, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं एकदा पाहतात. आपल्या बाईंचा एएनए थोडा वाढलेला निघाला, बाकी सगळं ठीक. नुसता थोडा वाढलेला एएनए म्हणजे सर्वांगाचा ल्युपस नव्हे. सांधे सुजले, तोंडात सतत फोड आले, लघवीला फेस येऊ लागला, पाय सुजले, तर मात्र लगेच परत यायचं.

[दृश्य: बारीक सुईचं इंजेक्शन चट्ट्याच्या कडेला.]

आता उपचार. चट्ट्यावर क्लोबेटासॉलचं लोशन, सुरुवातीचे काही आठवडे रोज. डोक्याची त्वचा जाड असल्याने इथे जोरकस स्टेरॉइडच लागतं. तेच लोशन चेहऱ्यावर मनाने लावू नये, तिथली त्वचा पातळ पडते. यासोबत ट्रायमसिनोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडची इंजेक्शनं. दर मिलीला 5 ते 10 मिलिग्रॅम एवढं पातळ केलेलं औषध, सेंटिमीटरभर अंतराने, प्रत्येक ठिकाणी 0.1 मिलीच्या आसपास, आणि दर चार ते सहा आठवड्यांनी. इंजेक्शन द्यायचं लाल, खपलीच्या भागात. पांढऱ्या व्रणात दिलं तर फायदा काही नाही, उलट खड्डा आणखी खोल जातो.

पोटातून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळचं हिवतापाचं औषध. दिवसाला जास्तीत जास्त किती द्यायचं ते वजनावर ठरतं, दर किलोला 5 मिलिग्रॅमपर्यंत. 44 किलोला ही मर्यादा 220 येते, म्हणून बाईंना 200 मिलिग्रॅमची एक गोळी, जेवणानंतर. कित्येक जणांना सरसकट दोन गोळ्या लिहून दिलेल्या असतात. सडपातळ बाईसाठी ते जास्त होतं. कारण वर्षानुवर्षांच्या वापराने हे औषध डोळ्यांच्या पडद्याला इजा करू शकतं. पहिल्या वर्षातच डोळे तपासून घ्यायचे, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडं कमजोर असतील तर वार्षिक तपासणी त्याआधीपासून.

या गोळीचा गुण दिसायला दोन ते तीन महिने लागतात. इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. महिन्याभरात फरक दिसत नाही, गोळी बंद होते आणि चट्टा पुन्हा पसरतो. म्हणून हा अवधी पहिल्याच दिवशी, घरातल्या माणसांसमोर सांगून ठेवावा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये आजार जास्त चिवट असतो आणि गोळीला दाद कमी मिळते, तेही तेव्हाच सांगावं.

आणि ऊन. हा आजार उन्हाने चेततो. शेतावर जाणाऱ्या बाईला ‘उन्हात जाऊ नका’ सांगणं निरुपयोगी आहे. तिला सांगायचं की विरळ सिंथेटिक ओढणीतून किरणं आत येतात. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती रुमाल घट्ट बांधा, वरून रुंद काठाची टोपी. उघड्या चट्ट्यावर सनस्क्रीन, आणि घाम आला की पुन्हा.

[दृश्य: तीच जागा, सहा महिन्यांनंतर. आधीच्या फोटोशेजारी.]

सहा महिन्यांनी लाली गेली आहे, खपली गेली आहे, चुरचुर थांबली आहे. मागचा वाटाण्याएवढा चट्टा केसांनी भरून आला. भांगाजवळच्या मोठ्या चट्ट्याच्या कडेनेही केस आले. मधला पांढरा भाग मात्र तसाच आहे आणि तसाच राहणार. हे उपचाराचं अपयश नाही. तिथल्या मूळपेशी बाई दवाखान्यात आल्या त्याआधीच गेल्या होत्या.

गोळी आणि इंजेक्शनांनी आजार आटोक्यात आलाच नाही, तर आधी पाहायचं की गोळी रोज पोटात जाते का, डोकं झाकलं जातं का, विडी सुटली का. त्यानंतर मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफेनोलेटसारखी औषधं येतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून घेण्याचा वार चिठ्ठीवर मराठीत, अक्षरात लिहून घ्यावा. ही दोन्ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत.

मधल्या टकलावर केस रोपण करता येतं का? आजार किमान एक-दोन वर्षं पूर्ण शांत असेल तर विचार करता येतो. पण व्रणात रक्तपुरवठा कमी, त्यामुळे लावलेले केस कमी टिकतात, आणि रोपणाच्या इजेनेच आजार पुन्हा जागा होऊ शकतो. घाईने पैसे भरण्याआधी डर्मोस्कोपखाली लाल ठिपके आणि खपली खरंच संपली आहे ना, हे त्वचारोगतज्ज्ञांकडून पाहून घ्यावं. तोपर्यंत भांग दुसऱ्या बाजूने पाडणं किंवा केसांचा पॅच वापरणं हे उपाय आहेत.

वर्षानुवर्षं जुन्या, पांढऱ्या पडलेल्या व्रणाकडे शेवटपर्यंत लक्ष ठेवावं लागतं. रंगद्रव्य गेलेल्या, ऊन खाणाऱ्या अशा त्वचेत क्वचित कर्करोग होतो. व्रणावर गाठ आली, रक्त येऊ लागलं, किंवा महिनाभरात न भरणारी जखम झाली, तर मलम बदलत बसू नये. त्या जागेची बायोप्सी करून घ्यावी, आणि हा व्रण डिस्कॉइड ल्युपसचा आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.