सकाळी साडेसातला भरलेला डबा दुपारी दीडला: वजन कमी करणाऱ्यांसाठी
(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित)

बसा बसा, मागच्यांनी पुढे या, कूलरची हवा तिकडे येत नाही. मी आहारतज्ज्ञ आहे आणि आज फक्त डब्यावर बोलणार आहे, ते पण एकाच प्रकारच्या डब्यावर. सकाळी साडेसातला घरून निघतो, दुपारी एक-दीडला उघडतो, मधले सहा तास तो कुठल्या तरी टेबलाखाली नाहीतर गाडीच्या डिक्कीत पडून असतो आणि बाहेर आपल्या नागपूरचं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन. ज्यांच्या ऑफिसात फ्रीज आहे त्यांचं अर्धं काम तसंच झालं, मी उरलेल्यांसाठी बोलतेय.

माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचा डबा आपण उदाहरण म्हणून घेऊ. नोकरी बुटीबोरीला, कंपनीची बस सव्वासातला, वजन ६८ किलो. त्यांचा जुना डबा म्हणजे चार पोळ्या, वांगं-बटाट्याची तर्रीवाली भाजी आणि लहान डब्यात वरण-भात. घरचं जेवण आहे, वाईट काहीच नाही, पण आम्ही बसून हिशोब केला. एका पोळीला तीस ग्रॅम कणिक आणि वरून तेलाचा हात, म्हणजे साधारण १२० कॅलरी, चार पोळ्यांच्या ४८०. भाजीत तीन चमचे तेल, त्याचेच १३५ आणि भाजीचे ८० धरा. वरण-भाताचे दीडशे. साडेआठशेच्या आसपास गेलं, आणि प्रोटीन किती तर वीस-एकवीस ग्रॅम, त्यातलं निम्म्याहून जास्त पोळ्यांमधून आलेलं. म्हणजे प्रोटीन नव्हतंच असं नाही, फक्त वीस ग्रॅमसाठी साडेआठशे कॅलरी मोजाव्या लागत होत्या. नुसत्या पोळ्या कमी केल्या की कॅलरी उतरतात पण प्रोटीनही उतरतं, मग चार वाजता भूक लागते आणि कॅन्टीनचा समोसा येतो. हे त्यांचंच झालं होतं.

वजन कमी करताना किलोमागे दिवसाला निदान १.२ ग्रॅम प्रोटीन धरा म्हणते मी, त्यांना ते ऐंशीच्या आसपास होतं, म्हणजे दुपारच्या डब्यात अठ्ठावीस-तीस तरी हवं. इथे बहुतेक लोक पनीर म्हणतात. पनीर चांगलंच आहे, पण शंभर ग्रॅम साध्या पनीरमध्ये अठरा-वीस ग्रॅम प्रोटीनसोबत वीसेक ग्रॅम फॅट पण येतं, कॅलरी पावणेतीनशेच्या घरात. शिवाय दुधाचा ओला पदार्थ, मे महिन्यात सहा तास बाहेर, मी नाही सांगणार. आम्ही सोयाबीन वडी घेतली. कोरड्या वडीत शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर प्रोटीन असतं आणि फॅट जवळपास नाहीच, म्हणजे चाळीस ग्रॅम वडीत वीस ग्रॅम प्रोटीन, १४० कॅलरी. चाळीस ग्रॅम म्हणजे माझ्या घरची आमटीची वाटी भरून लहान वडी, तुमची वाटी वेगळी असेल, एकदा काट्यावर तोलून बघा मग अंदाज बसतो.

वडी म्हटलं की नाकं मुरडतात, मला माहीत आहे, तो कच्चा वास येतो म्हणून. तो वास पाण्यात जातो. मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं, मग गाळून थंड पाण्यात, हाताने घट्ट पिळायचं, परत पाणी, परत पिळायचं. पिळलेलं पाणी गढूळ आहे तोवर वास आहे. मग मिक्सरला दोनच झटके देऊन जाडसर करायचं, खिम्यासारखं. एक छोटा चमचा तेल, जिरं, आलं-लसूण, कांदा चांगला लाल होईपर्यंत, आणि मसाला तुमचा जो असेल तो, सावजीचा कोरडा मसाला तर फारच छान लागतो, फक्त वरची तर्री नको. टमाटर अर्धाच आणि पूर्ण आटवायचा, नाहीतर आमचूर घाला. ओलं खोबरं घालायचं नाही, वरून कच्चा सांबार म्हणजे कोथिंबीर पण नाही, तो ओला असतो आणि डब्यात सगळ्यात आधी तोच काळा पडतो. खिमा कढईत सुटा सुटा होऊन कडा कोरड्या दिसेपर्यंत परतायचा.

आता हे करायचं कधी, तर रात्री. इथे घरोघरी भांडण होतं, कारण आपल्याकडे सकाळी पाच वाजता उठून ताजी गरम भाजी करून वाफ निघत असताना डब्यात भरणं म्हणजे माया, आणि रात्रीचं म्हणजे शिळं. मला ती माया कळते हो, पण नागपुरच्या उन्हाळ्यात हाच डबा सगळ्यात धोक्याचा असतो. साधारण पाच ते साठ डिग्रीच्या मधे जंतू वाढतात. गरम भरलेली भाजी साध्या स्टीलच्या डब्यात काही वेळातच साठच्या खाली येते, आणि मग दुपारपर्यंत ती कोमट राहते, ना गरम ना गार, जंतूंना पाहिजे तशी. आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते, ते परत भाजीत पडतं, पोळीही ओली होते. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये असा नियम आहे आणि बत्तीस डिग्रीच्या वर तर एकच तास, आपल्याकडे मार्चपासूनच एक तास धरा.

अजून एक, लोक म्हणतात वास तर ठीक होता ना. आंबलं की वास येतो, चिकट तार सुटते, ते कळतं आणि आपण फेकतो. पण काही जंतूंचा वासच येत नाही. आणि काहींनी एकदा विष तयार केलं की ते परत गरम करूनही जात नाही, भातात असं होतं, हाताळलेल्या अन्नात होतं. म्हणून ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे, उकळून खातो, काही होत नाही, हे धरून चालू नका.

तर डबा एक तर खरंच गरम पाहिजे नाहीतर खरंच गार. ताईंनी गार घेतला. रात्री खिमा झाला की पातेल्यात ठेवून द्यायचा नाही, आतला भाग तासन् तास गरम राहतो, परातीत पातळ पसरायचा, पंख्याखाली वीसेक मिनिटं, मग डब्यात भरून फ्रीजमध्ये. सकाळी सगळं आवरून, चप्पल घालायच्या आधी तो डबा बाहेर काढायचा, ओट्यावर आधी काढून ठेवायचा नाही. थर्मल बॅग घ्यायची, जाड अस्तराची, आणि डब्याच्या वर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेली अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. वर, खाली नाही, कारण गार हवा खाली उतरते. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, बर्फ होताना फुगते, फुटेल. बॅगेत मोकळी जागा राहिली तर नॅपकिन कोंबा. आणि बॅग डिक्कीत ठेवायची नाही, उन्हातल्या पार्किंगमध्ये डिक्की म्हणजे भट्टी असते.

बरोबर जमलं की नाही हे जेवताना कळतं. बाटलीत बर्फ शिल्लक आहे आणि डबा हाताला गार लागतो, तर जमलं. बर्फ अकरालाच संपून गेलेला असेल तर बॅग पातळ आहे किंवा एक बाटली पुरत नाही, दोन घाला. डबा कोमट लागला तर खायचा नाही, कितीही जीव तुटला तरी.

पोळ्या सकाळच्या, त्या या गार बॅगेत नाही ठेवायच्या, कडक होतात. जाळीवर थंड करून सुती कपड्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात, पोळी कोरडी असते, सहा तास आरामात टिकते. दोन पोळ्या, तेलाचा हात न लावता, दोनशे कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रोटीन. काकडी अख्खी न्यायची, तिथे कापायची, आधी कापून मीठ लावलं की पाणी सुटतं. लिंबू अर्धं कापलेलं नको, छोटं अख्खं. आणि ताक, ते पण रात्री बाटलीत फ्रीझरला, थोडी जागा ठेवून, दुपारपर्यंत पिण्यासारखं होतं आणि तोवर डबा गार ठेवायला मदत करतं. थोडं फुटल्यासारखं दिसेल, हलवलं की एक होतं.

आता बेरीज करा. वडी १४०, तेल ४५, कांदा-टमाटर ४०, पोळ्या २००, ताक ३०, काकडी २०. पावणेपाचशे. प्रोटीन वीस आणि सात आणि ताकाचे दोन, एकोणतीस. आधीपेक्षा कॅलरी जवळपास निम्म्या आणि प्रोटीन आठ-नऊ ग्रॅमने जास्त. चारच्या भुकेसाठी तीस ग्रॅम फुटाणे पर्समध्ये, त्यांना फ्रीज लागत नाही, बर्फ लागत नाही, सहा ग्रॅम अजून. गार खिमा कसा खायचा विचाराल तर पोळीत भरून वर लिंबू पिळून रोल करायचा, ताई तसाच खातात, मायक्रोवेव्ह असेल तर मधे एकदा ढवळून वाफ येईपर्यंत गरम करा.

समोरून एका काकांनी विचारलं आहे की गार जेवण चालत नाही, गरमच पाहिजे. मग उसळ नाहीतर घट्ट डाळ, आणि ती रुंद तोंडाच्या व्हॅक्यूम थर्मासमध्ये, साध्या हॉटपॉटमध्ये नाही. थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटं झाकून ठेवायचा, पाणी ओतून लगेच उकळती डाळ काठोकाठ भरायची, अर्धा रिकामा थर्मास लवकर निवतो. दुपारी फुंकर मारून खावं लागत असेल तर ठीक. पण साठ ग्रॅम कोरड्या मुगात चौदा ग्रॅमच प्रोटीन येतं, म्हणून सोबत अंडी न्या, दोन उकडलेली, बारा ग्रॅम. सोलून नाही, सालासकट, आणि ती पण गार बाटलीसोबत.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणी इथे दिसतायत म्हणून सांगते, सोयामुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, पण पहाटे उपाशीपोटी घेतली आणि वडी दुपारी खाल्ली तर चार तासांचं अंतर सहज पडतं, नाश्त्याला मात्र वडी नको. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने नाही. आणि आतापर्यंत वडी खाल्लीच नसेल तर पहिला आठवडा पंचवीस ग्रॅमच घ्या, एकदम चाळीस घेतली की पोट फुगतं आणि मग लोक वडीच सोडून देतात. आठवड्याला दोन-तीन डबे वडीचे, बाकीचे अंडी, चिकन, कोरडा झुणका, असं फिरवत राहा.

हो, समोरच्या एका ताईंनी विचारलेलं राहिलं, धुऊनही डब्याला वास येतो तो. झाकणाच्या आत जी रबराची रिंग असते ती चमच्याच्या मागच्या टोकाने रोज काढा, तिच्या खाली कालचा मसाला अडकलेला असतो. रिंग आणि खाच दोन्ही ब्रशने घासा, आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. काळे ठिपके पडले असतील तर रिंग बदला, भांड्याच्या दुकानात सुटी मिळते.