दिवसाला किती सुटतात?

श्रोतेहो, नमस्कार.

मी एका पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासतो. रिक्षावाल्यांचे अर्ज बरेच येतात. त्यात रोजच्या उत्पन्नाचा रकाना असतो, आणि तिथे बहुतेक जण दिवसभराचा धंदा लिहितात, 1500, कुणी 1800. हा आकडा खोटा नसतो, पण तो घरी येणारा आकडा नव्हे. त्यातून गॅस जातो, मालकाचं शिफ्टचं भाडं जातं, गॅरेज जातं. आणि ज्या तासांत एक पैसाही मिळत नाही ते तास तर कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. आज मी तुम्हाला हा हिशेब सांगणार आहे, पण माझ्या तोंडून नाही. मुलुंडच्या एका जोडप्याने तो ज्या पद्धतीने मांडला, त्या पद्धतीने सांगणार आहे.

हे भाऊ दुसऱ्याची रिक्षा दिवसपाळीला चालवायचे. सकाळी पाचला गाडी ताब्यात घ्यायची, संध्याकाळी पाचला रातपाळीवाल्याच्या हाती द्यायची. स्वतःची रिक्षा घ्यायची म्हणून कर्जाला आले, सोबत वहिनी. मी विचारलं, दिवसाला किती सुटतात? भाऊ म्हणाले, "हजार-अकराशे धरा." वहिनींनी पिशवीतून शाळेची एक जुनी वही काढली आणि म्हणाल्या, "साहेब, तेवढे सुटत नाहीत. हे बघा."

वहीत रोज एक ओळ. सकाळचा किलोमीटरचा काटा, संध्याकाळचा काटा, धंदा किती, गॅस किती किलो. बस, एवढंच. धंदा लिहिताना खिशातली रोकड आणि मोबाईलवर आलेले पैसे दोन्ही धरायचे, हे त्यांनी आवर्जून पाळलं होतं. हल्ली निम्मे पैसे थेट खात्यात जातात, संध्याकाळी फक्त खिसा मोजला तर हिशेब तिथेच बिघडतो.

त्यातल्या एका साध्या दिवसाची ओळ सांगतो. धंदा 1500. काटा सांगतो गाडी 130 किलोमीटर फिरली. आता यातले भाड्याचे किलोमीटर किती आणि रिकामे किती? वहिनींची युक्ती मला फार आवडली. मुंबईत 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं मीटर 26 रुपयांना पडतं, ते पहिल्या दीड किलोमीटरसाठी, आणि पुढे दर किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे. दीड किलोमीटरचे 26 म्हणजे तिथेही किलोमीटरला सव्वासतराच्या आसपासच पडतात. मग अख्ख्या दिवसाच्या धंद्याला 17.14 ने भागा. 1500 भागिले 17.14, साडेसत्त्याऐंशी. म्हणजे सुमारे 88 किलोमीटर प्रवासी बसलेला होता. काट्यावर 130. उरलेले 42 किलोमीटर गाडी रिकामी पळाली. अगदीच जवळची, दीड किलोमीटरच्या आतली भाडी जास्त असली तर या आकड्यात थोडा फरक पडतो, तरी अंदाज बरोबर येतो. पुन्हा सांगतो, धंदा भागिले 17.14 म्हणजे भाड्याचे किलोमीटर. काट्यावरच्या किलोमीटरमधून ते वजा केले की रिकामे किलोमीटर.

गॅस मात्र 130 किलोमीटरचा जळतो. गॅसला गाडी रिकामी आहे की भरलेली, याच्याशी देणंघेणं नाही. त्यांची गाडी किलोला साडेबत्तीस किलोमीटर देत होती, म्हणजे 4 किलो गॅस, किलोला 80 धरले तर 320 रुपये. शिफ्टचं भाडं 400. पंक्चर, क्लचची केबल, बल्ब, ऑइल अशी बारीक कामं त्यांच्या अंगावर होती, इंजिनचं मोठं काम मालकाचं. बारीक कामांचे महिन्याला 1200 जात होते, कामाचे दिवस 24, म्हणजे दिवसाला 50. हे पन्नास रोज खर्च होत नाहीत, म्हणून माणूस ते धरत नाही. वहिनी रोज धरायच्या, डब्यात वेगळे टाकायच्या. 1500 मधून 320 गेले, 400 गेले, 50 गेले. उरले 730.

भाऊ गप्प झाले. मग म्हणाले, "पण काही दिवस चांगले जातात. परवा अंधेरीचं भाडं मिळालं, एका फेरीत तीनशेच्या वर." वहिनी म्हणाल्या, "अहो, त्याच दिवशी सगळ्यात कमी सुटले." आणि त्यांनी तो दिवस मला उलगडून दाखवला. श्रोतेहो, हा दिवस नीट ऐका, कारण सगळं गणित त्यात आहे.

दुपारी सव्वादोनला मुलुंड स्टेशनवरून एक गृहस्थ बसले, अंधेरीला. अंतर 18 किलोमीटर. पहिल्या दीड किलोमीटरचे 26, उरलेल्या साडेसोळाचे 283, मीटर झालं 309. रस्त्यात गर्दी, पोहोचायला सव्वा तास. आता अंधेरीत भाड्यांना काय तोटा? पण घड्याळात साडेतीन वाजलेले, आणि पाचला गाडी मुलुंडला द्यायची. पवई, मुलुंडकडचं भाडं मिळावं म्हणून अर्धा तास थांबले. कुणी वर्सोवा म्हणे, कुणी जुहू. त्यातलं एखादं घेतलं तर रातपाळीवाला ताटकळणार, आणि त्याची पाळी बुडाली तर मालक ऐकून घेणार नाही. शेवटी रिकामे परत फिरले, एक तास लागला.

आता मोजा. जायला 18 आणि यायला 18, 36 किलोमीटरचा गॅस 89 रुपयांचा. 309 मधून ते गेले, राहिले 220. वेळ गेला पावणेतीन तास. तासाला 80 रुपये. एरवीच्या दिवशी, 1500 मधून गॅसचे 320 काढले तर 1180 राहतात, बारा तासांनी भागले तर तासाला 98. म्हणजे मुलुंडातच आजूबाजूची भाडी मारली असती तर त्याच पावणेतीन तासांत 270 झाले असते. तीनशेच्या भाड्याने 50 रुपये घालवले. तेच अंधेरीचं भाडं सकाळी सातला मिळालं असतं तर सोनं होतं, कारण तिथेच धंदा करत करत परत फिरायला अख्खा दिवस हाताशी राहिला असता. भाडं लांबचं की जवळचं हे पाहू नका, उतरल्यावर गाडी किती वेळ रिकामी राहणार ते बघा.

जवळच्या भाड्याला नकार का येतो तेही यातूनच कळतं. रस्त्यात चालता चालता कुणी एक किलोमीटरसाठी हात केला तर ते 26 रुपये पाच मिनिटांत मिळतात, फार चांगलं भाडं. पण स्टेशनच्या स्टँडवर तीस रिक्षांच्या रांगेत चाळीस मिनिटं सरकत सरकत पुढे आलेल्याला तेच 26 मिळाले, आणि परत येऊन रांगेच्या शेवटी उभं राहायचं असलं, तर त्याचा तास 26 रुपयांत गेला. नाही म्हणणं नियमाविरुद्धच आहे, प्रवाशाने तक्रार केली तर ती योग्यच आहे. पण माझं ठाम मत आहे की मोठ्या स्टेशनांबाहेर जवळच्या भाड्यांची रांग वेगळी हवी. आणि हो, प्रत्येक स्टँडवर स्वच्छतागृहही हवंच. बारा तास सीटवर बसणाऱ्या माणसाने पाणी कमी पिऊन दिवस काढायचा, ही गोष्ट मला फार लागते.

बारा तासांचं काय होतं, तेही वहिनींनी एका पानावर लिहिलं होतं. प्रवासी बसलेला असताना सुमारे सहा तास. रिकामी गाडी फिरवण्यात सव्वादोन तास. स्टँडवर दोन तास. गॅसच्या रांगेत पाऊण तास. जेवण, चहा मिळून एक तास. म्हणजे मीटर चालू असतं ते निम्मा वेळ. गॅसची रांग कमी करता येते. संध्याकाळी गर्दीच्या वेळी पंपावर प्रेशर कमी असतं, टाकी पूर्ण भरत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. भाऊ नंतर पहाटे गाडी घेतल्या घेतल्या गॅस भरायला लागले, रांग पाव तासावर आली. रोजचा गॅस आणि काटा लिहिल्याचा आणखी एक उपयोग सांगतो. किलोमागचा ॲव्हरेज साडेबत्तीसवरून अठ्ठावीसवर घसरला, तर गॅस महागायची वाट बघू नका, टायरची हवा, एअर फिल्टर, प्लग बघा, आणि ब्रेक चिकटून राहतोय का तेही बघा. दिवसाला अर्धा किलोच्या वर गॅस जास्त जातो, म्हणजे 50 रुपये.

आता महिन्याचं गणित. दिवसाला 730, कामाचे दिवस 24, झाले 17,520. घर तीस दिवस चालतं. तीसने भागा, 584. सुट्टी, आजारपण, गाडी गॅरेजला गेलेला दिवस, सगळं यात आलं. माझ्या फॉर्मच्या रकान्यात खरा आकडा हा, 584. 1500 नव्हे, अकराशे नव्हे, 730 सुद्धा नव्हे.

मग स्वतःची गाडी घेतली तर? परमिट त्यांच्या नावावर निघालं होतं. शिफ्टचं भाडं महिन्याला 24 गुणिले 400, म्हणजे 9,600 वाचणार. समोर कर्जाचा हप्ता 6,700. विमा आणि पासिंग वर्षाला लागतं, ते महिन्यावर पसरलं तर 1,100. आणि आता इंजिनचं काम, टायर, क्लच प्लेट, सगळं स्वतःचं, त्यासाठी 1,500 बाजूला. बेरीज 9,300. फायदा महिन्याला फक्त 300. शिवाय भाड्याच्या गाडीत एक सोय होती, आजारी पडलं की भाडं द्यावं लागत नव्हतं. हप्ता मात्र अंथरुणावरही चालू राहतो. आठवडाभर घरी बसलं तर हप्त्याचे सुमारे 1,550 अंगावर येतात, आणि पाच महिन्यांचा तो फायदा संपतो.

वहिनींनी हे ऐकून मला एकच प्रश्न विचारला. "रातपाळीला गाडी दुसऱ्याला दिली तर?" तिथे चित्र बदलतं. रातपाळीचं भाडं 350 धरलं आणि महिन्यात वीस रात्री गाडी गेली, तर 7,000 येतात, हप्ता त्यातूनच सुटतो. गाडी दुप्पट फिरते, म्हणून दुरुस्तीचे 1,500 नव्हे, 3,000 धरायला हवेत. तरीही हातात महिन्याला साडेपाच हजार जास्त राहतात. मी त्यांना सांगितलं, आधी बॅज असलेला, भरवशाचा रातपाळीवाला शोधा, मग अर्ज द्या. ते दोघे अर्ज परत घेऊन गेले. तीन महिन्यांनी आले, सोबत शेजारच्या चाळीतला एक तरुण ड्रायव्हर, आणि उत्पन्नाच्या रकान्यात वहिनींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 584.