मृगाच्या आधी कपाट लावताना

नमस्कार श्रोतेहो. मृग नक्षत्र लागायला आता थोडेच दिवस उरलेत. छत्र्या बाहेर निघाल्या, रेनकोट झटकून झाले. आज बोलायचंय ते कपड्यांच्या कपाटाबद्दल, कारण ठाण्यात सकाळी सर्वांत जास्त खोळंबा होतो तो जून ते सप्टेंबरमध्ये. कपडे असतात, पण घालावा तो वाळलेला नसतो आणि वाळलेला असतो तो पावसात घालण्यासारखा नसतो.

वर्तकनगरमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण घेऊ. रोज रिक्षाने स्टेशन, तिथून लोकलने ऑफिस. एका रविवारी आम्ही दोघींनी तिचं कपाट लावलं. सगळे कपडे पलंगावर काढले आणि पहिली विभागणी ऋतूनुसार केली. जीन्स वरच्या फळीवर गेल्या, कारण जाड डेनिम घरातल्या दोरीवर दोन दिवसांतही पुरती वाळत नाही. पायघोळ पलाझो आणि पांढऱ्या सलवारी, ज्यांच्या कडांना स्टेशनबाहेरचा चिखल हमखास लागतो, त्याही वर गेल्या. खाली आले ते गडद रंगाचे, गुडघ्यापर्यंतचे कुर्ते, मिश्र धाग्याचे आणि लवकर वाळणारे, आणि घोट्याच्या वर राहणाऱ्या लेगिंग्ज.

मग प्रश्न आला, असे कुर्ते किती लागतील? सोमवारी घातलेला कुर्ता रात्री धुतला, तर पावसात तो बुधवारी रात्री वाळतो. गुरुवारी इस्त्रीला जातो, शुक्रवारी परत येतो. म्हणजे सोमवार ते गुरुवार चार कुर्ते लागणारच. भिजण्याच्या दिवसांसाठी दोन जादा धरा, सहा झाले. उन्हाळ्यात कपडा रात्रीत वाळतो, म्हणून तेव्हा कमी कुर्त्यांतही भागतं. हे सहा डोळ्यांपासून कमरेपर्यंतच्या उंचीवर टांगायचे. रोजच्या कपड्यांची जागा तीच. बाकीचं वर किंवा खाली गेलं तरी चालतं.

टांगताना एक काम नक्की करा. कुर्ता, त्याची लेगिंग आणि ओढणी एकाच हँगरवर ठेवा. सकाळचा वेळ कुर्ता निवडण्यात फारसा जात नाही, जोडीची ओढणी शोधण्यात जातो. आणि एकदा घातलेला, पण अजून न धुवायचा कपडा खुर्चीवर टाकू नका, कपाटातही परत कोंबू नका. घामाचा ओलावा बाकीच्यांना लागतो. त्याला दाराबाहेर एक खुंटी द्या.

कोणता कपडा खरंच वापरला जातो हे ओळखायला हँगरची युक्ती चांगली आहे. जूनमध्ये सगळे हँगर उलट्या तोंडाने अडकवायचे, कपडा घालून झाला की परत टांगताना हँगर सरळ करायचा. गणपतीच्या सुमारास जे उलटेच राहिलेत, ते बघायचे. पण हा हिशेब त्या त्या ऋतूचाच धरायचा. पावसाळ्यात न घातलेला पांढरा सुती कुर्ता नकोसा झालेला नसतो, तो एप्रिलची वाट बघत असतो. मैत्रिणीच्या कपाटात दोन हँगर उलटे राहिले. एका सलवारीला नाडी नव्हती, एक कुर्ता काखेत काचत होता. नाडी ओवली, दुसरा देऊन टाकला.

आता सणासमारंभाचे कपडे. इथे ऋतूची विभागणी अडते, कारण गौरी-गणपती ऐन पावसात येतात आणि पैठणी तेव्हाच हवी असते. म्हणून ती माळ्यावर टाकू नका. साडी, परकर आणि ब्लाऊज एकत्र, मऊ सुती कापडात गुंडाळून मधल्या खणात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा अडकतो. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका, ती पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. अधूनमधून घडी बदला, नाहीतर जर घडीवरच चिरते. आणि गौरींच्या पंधरा दिवस आधी ब्लाऊज घालून बघा, म्हणजे उसवून घ्यायला शिंप्याकडे वेळ मिळतो. संक्रांतीची काळी साडी मात्र खुशाल वर जाऊ द्या.

एवढं करूनही कपाटच ओलं असेल तर सगळं वाया जातं. कपाटाच्या मागच्या फळीला तळहात लावून बघा. गार, दमट लागली किंवा दार उघडताच कुबट वास आला, तर भिंतीतून ओल येतेय. न्हाणीघराच्या भिंतीला किंवा पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला टेकलेल्या कपाटांचं हे नेहमीचं दुखणं. कपाट हलवता येत असेल तर चार बोटं पुढे ओढा, नसेल तर त्या बाजूला रेशीम आणि लोकर ठेवू नका. इस्त्रीचे कपडे वाफ जाऊन पुरते गार झाल्यावरच आत ठेवा. कपड्यावर पांढरट ठिपके दिसले, तर तो एकटाच बाहेर काढून गॅलरीत झटका, धुवा आणि उघडीप मिळेल त्या दिवशी उन्हात टाका. त्या दिवशी कपाटाची दारंही दुपारभर उघडी राहू द्या.